दूध आणि काजू वर्ज्य असलेल्या मल्लाचा खुराक : एक प्रकरण अभ्यास

कोल्हापूर भागातील एका तालमीत राहून सराव करणारा, ६५ किलो वजनगटात फ्रीस्टाइल खेळणारा १९ वर्षांचा एक मल्ल ॲलर्जीतज्ज्ञांच्या चिठ्ठीसह माझ्याकडे आहारसल्ल्यासाठी आला, तेव्हा त्याला रुग्णालयातून घरी येऊन दोन आठवडे झाले होते. ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय आणि आहारविषयक मुद्दे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

तान्हेपणी वरचे दूध सुरू करताच त्याच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या आणि उलट्या झाल्या होत्या. तेव्हापासून घरात त्याला दूध दिले गेले नाही. पुढे तीन-चार वर्षांचा असताना एकदा अंडे खाल्ल्यावर तोंडाभोवती पुरळ आले म्हणून अंडी बंद झाली आणि एका लग्नात काजूची मिठाई खाऊन त्रास झाला म्हणून सगळाच सुका मेवा बंद झाला. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि अंडी यांवर ज्या तालमीचा खुराक उभा असतो, तेथे या मुलाच्या ताटात भाकरी, पातळ आमटी, भात आणि आठवड्यातून दोनदा मटण एवढेच उरत होते. त्याचे वस्ताद पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, दूध न पिता पैलवान होतो का कधी?" त्यांच्या या प्रश्नात थट्टा नव्हती, पोराच्या अंगावर मांस धरत नाही हे ते दोन वर्षे डोळ्यांनी पाहत होते.

तीन दिवसांच्या आहाराची नोंद घेतल्यावर त्याच्या पोटात दिवसाला साधारण ७० ग्रॅम प्रथिने जात असल्याचे दिसले. त्याचे वजन ६७ किलो होते. खेळाडूंसाठी दर किलो वजनामागे रोज १.२ ते २ ग्रॅम प्रथिने हा सर्वमान्य पल्ला आहे, आणि दोन वेळा कसून सराव करून शिवाय वजनगटात राहायचे असेल, तर त्या पल्ल्याच्या वरच्या भागात राहणे योग्य ठरते. आम्ही १.७ धरले, म्हणजे दिवसाला सुमारे ११५ ग्रॅम. म्हणजे रोज ४५ ग्रॅम कमी पडत होते, आणि ही उणीव भरून काढण्यासाठीच त्याने माझ्याकडे येण्याआधी वाटाण्याच्या प्रथिनांची चॉकलेट स्वादाची पावडर आणली होती. डब्यावर ठळक अक्षरांत 'वनस्पतिजन्य' असे लिहिलेले होते. त्याच पावडरीने त्याला रुग्णालयात नेले.

प्रसंग असा घडला. आठवडाभर तो सकाळचा सराव संपवून, आंघोळ करून, निवांत बसून एक चमचा पावडर पाण्यातून घेत होता आणि त्याला काहीही झाले नव्हते. निवड चाचणीसाठी तो रात्रभर एसटीने प्रवास करून गेला, झोप जेमतेम दोन-तीन तास झाली. गुडघा दुखत होता म्हणून पहाटे त्याने आयब्युप्रोफेनची गोळी घेतली. वजन दिल्यानंतर भूक लागलेली असल्याने एकाऐवजी दोन चमचे पावडर पाण्यात घालून प्याला आणि लगेच अंग गरम करायला मॅटवर गेला. वीस-पंचवीस मिनिटांत तळहातांना खाज सुटली, मग अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, उलटी झाली आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली. सुदैवाने जवळच्या रुग्णालयात नेताच त्याला ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मिळाले.

यानंतर घरच्यांनी आणि वस्तादांनी काढलेला निष्कर्ष स्वाभाविक होता : वाटाणा सोसत नाही, म्हणून पावडर बंद, वाटाणा बंद, आणि खबरदारी म्हणून सगळी कडधान्येही बंद. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत मोठा धोका येथेच होता. ज्या खेळाडूला दूध चालत नाही त्याच्याकडून डाळी-कडधान्येही काढून घेतली, तर ११५ ग्रॅमचे गणित मटण-चिकनवरच टाकावे लागते, आणि ते ना त्याच्या खिशाला परवडते ना तालमीच्या चुलीला. शिवाय वाटाण्याच्या प्रथिनांची ॲलर्जी ही खरी, नोंदलेली गोष्ट असल्याने तो संशय नुसता झटकून टाकणेही योग्य नव्हते. म्हणून आहार ठरवण्याआधी नेमके कशाने झाले हे ठरवावे लागले.

ॲलर्जीतज्ज्ञांनी त्वचेवरची टोचणी चाचणी दोन नमुन्यांनी केली. एक नमुना घरी उकडलेल्या पांढऱ्या वाटाण्याचा होता आणि दुसरा त्याच डब्यातील पावडरीचा. वाटाण्याने त्वचेवर काहीही उठले नाही. पावडरीने मात्र स्पष्ट गांध उठली. या दोन निकालांतील फरकच बोलका होता : पावडरीत वाटाण्याखेरीज दुसरे काहीतरी होते. रक्ततपासणीत दुधातील केसीन या प्रथिनाविरुद्धची आयजीई प्रतिद्रव्ये बरीच जास्त निघाली. त्यानंतर रुग्णालयात देखरेखीखाली त्याला वाटाण्याची उसळ खाऊ घातली, आणि दुसऱ्या एका दिवशी उसळ खाऊन ट्रेडमिलवर पळवले. काही पदार्थ एरवी सोसतात, पण खाल्ल्यानंतर व्यायाम केला तरच तीव्र प्रतिक्रिया देतात, म्हणून ही दुसरी पायरी आवश्यक होती. दोन्ही दिवशी त्याला काही झाले नाही आणि वाटाणा निर्दोष ठरला.

डब्यात उरलेली पावडर आम्ही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एलिसा पद्धतीने तपासून घेतली. अहवालात किलोमागे सुमारे १८० मिलिग्रॅम दुधाची प्रथिने आढळली. हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो. परंतु ॲलर्जीमध्ये किलोमागचे प्रमाण आणि एका वेळी खाल्लेले वजन यांचा गुणाकार महत्त्वाचा असतो. एक चमचा म्हणजे ३५ ग्रॅम पावडर, म्हणजे सुमारे ६ मिलिग्रॅम दुधाची प्रथिने. दोन चमचे म्हणजे साडेबारा मिलिग्रॅम. तुलनेसाठी सांगायचे तर, संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने दुधासाठी सुचवलेली संदर्भमात्रा एका वेळच्या खाण्यात २ मिलिग्रॅम प्रथिने इतकी आहे. त्या मात्रेखाली बहुसंख्य रुग्णांना त्रास होत नाही. याचा अर्थ एक चमचासुद्धा त्याच्यासाठी सुरक्षित नव्हताच. मसाल्याच्या चिमटीत तेवढ्याच प्रमाणात दूध मिसळलेले असते, तर ते कधी जाणवलेही नसते. प्रथिनांची पावडर मात्र एका घोटात मूठभर पोटात जाते, आणि म्हणूनच खेळाडूसाठी तिची भेसळ साध्या बिस्किटाच्या भेसळीपेक्षा जास्त गंभीर ठरते.

मग आठवडाभर काहीच का झाले नाही? उत्तर त्या दिवसाच्या परिस्थितीत आहे. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या प्रौढांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित अभ्यासात असे दिसले, की व्यायामाने आणि अपुऱ्या झोपेने, प्रत्येकी स्वतंत्रपणे, प्रतिक्रिया सुरू होण्यासाठी लागणारी मात्रा सुमारे ४५ टक्क्यांनी खाली येते. तो अभ्यास शेंगदाण्याचा होता, त्यामुळे तोच आकडा दुधाला लावता येत नाही; पण दिशा तीच असावी असे मानण्यास पुरेसा आधार आहे. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकेही आतड्यातून प्रथिने शोषली जाण्याचे प्रमाण वाढवून अशा प्रतिक्रियेला हातभार लावतात. या मुलाच्या बाबतीत दुप्पट मात्रा, न झालेली झोप, गोळी आणि लगेचचा व्यायाम हे सारे एकाच सकाळी एकत्र आले होते. 'आधी खाल्ले तेव्हा काही झाले नाही' हा पुरावा खेळाडूच्या बाबतीत म्हणूनच अपुरा असतो. तो पदार्थ विश्रांतीच्या वेळी, कमी प्रमाणात खाल्ला होता का, हे विचारल्याशिवाय त्याला सुरक्षित म्हणता येत नाही.

आता डब्याविषयी. तो डबा मी हातात घेऊन पाहिला. पुढच्या बाजूस हिरवे चिन्ह आणि वनस्पतिजन्य असल्याचा दावा होता. घटकांच्या यादीत वाटाण्याचे प्रथिन, कोको पावडर, सोया लेसिथिन, स्वाद आणि गोडवा आणणारा पदार्थ यांची नावे होती. त्याखाली 'कन्टेन्स सोया' असे होते. डब्याला गुंडाळलेल्या वेष्टनाची कड जेथे चिकटवलेली होती, तेथे दुमडीखाली अर्धवट झाकलेली आणखी एक ओळ होती : 'मे कन्टेन मिल्क अँड नट्स'. ती ओळ मुलाने पाहिली नव्हती, दुकानदाराने दाखवली नव्हती. नख घालून कड उचलल्याखेरीज ती वाचताच येत नव्हती.

आपल्याकडील लेबलचे नियम काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे त्याला आणि त्याच्या आईला समजावून देण्यात माझा एक पूर्ण तास गेला आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, ग्लुटेनयुक्त धान्ये, सोयाबीन, शेंगदाणे व झाडावरची कवचफळे यांपैकी काही घटक म्हणून घातले असेल, तर ते 'कन्टेन्स' या शब्दाने वेगळे जाहीर करावे लागते. परंतु कारखान्यात दुसऱ्या मालातून चुकून मिसळू शकणाऱ्या अंशांविषयीची 'मे कन्टेन' ही सूचना ऐच्छिक आहे. म्हणून ती सूचना असली तर धोका खरा मानायचा. नसली तर धोका नाही असा अर्थ काढायचा नाही.

हिरव्या चिन्हाबाबत बहुतेक घरांत गैरसमज असतो. हिरवे चिन्ह शाकाहार दाखवते, आणि आपल्या शाकाहारात दूध बसते. अंडे घटक म्हणून घातलेल्या पदार्थावर तपकिरी चिन्ह येते. त्यामुळे अंड्याच्या ॲलर्जीसाठी हिरव्या चिन्हाचा थोडा तरी उपयोग आहे, दुधाच्या ॲलर्जीसाठी अजिबात नाही. २०२२ च्या नियमांनी आलेले व्हीगन चिन्ह त्यापेक्षा बरे, कारण त्यात दूध घटक म्हणून चालत नाही आणि अनवधानाने मिसळू नये अशी काळजीही घ्यावी लागते. तरीही अंशमात्रही दूध नाही अशी ॲलर्जीच्या दृष्टीची हमी ते चिन्ह देत नाही. चॉकलेट स्वादाकडे मी विशेष संशयाने पाहते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ च्या सुमारास घटकांत दुधाचे नाव नसलेल्या डार्क चॉकलेटच्या वड्या तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक वड्यांत दूध सापडले होते. दुधाच्या चॉकलेटची आणि गडद चॉकलेटची यंत्रे सहसा एकच असतात, आणि ओल्या पाण्याने धुणे त्या कामात शक्य नसते.

घटकांच्या यादीत दूध दर वेळी 'दूध' या नावाने येत नाही. केसीन, सोडियम किंवा कॅल्शियम केसिनेट, व्हे, लॅक्टाल्ब्युमिन, मिल्क सॉलिड्स ही सगळी दुधाचीच नावे आहेत. 'नॉन-डेअरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉफीच्या पावडरीतही केसिनेट असू शकते, आणि गोठवलेल्या चिकन नगेट्समध्ये किंवा सॉसेजमध्ये मिल्क सॉलिड्स सर्रास असतात. 'लॅक्टोज नाही' किंवा 'व्हे आयसोलेट' हे शब्द दूध न पचणाऱ्या माणसासाठी दिलासा आहेत, पण ॲलर्जी साखरेची नसून प्रथिनांची असते, आणि आयसोलेट म्हणजे तर तीच प्रथिने अधिक शुद्ध स्वरूपात. म्हशीचे किंवा शेळीचे दूधही चालत नाही, कारण त्यांची प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी खूप मिळतीजुळती असतात. अंड्यासाठी अल्ब्युमिन आणि लायसोझाइम ही नावे पाहावीत. लेसिथिन, म्हणजेच आयएनएस ३२२, सोयाचे आहे की अंड्याचे, हे लिहिलेले नसेल तर विचारावे. एका वेळेपुरत्या छोट्या पाकिटावर बरीच माहिती छापण्यातून सूट असते, ती बाहेरच्या खोक्यावर असते. म्हणून खोक्याविना सुटे पाकीट घेऊ नये. जिममध्ये मोठ्या डब्यातून काढून पिशवीत दिली जाणारी सुटी पावडर तर या मुलासाठी पूर्ण बंद, कारण तिथे व्हेच्या डब्यातला चमचाच दुसऱ्या डब्यात जातो.

आणखी एक गोष्ट खेळाडू हमखास गोंधळात टाकतात. काही डब्यांवर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखे चिन्ह असते. ते उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीचे आहे आणि त्या कामासाठी ते मोलाचे आहे; दूध किंवा काजूच्या अंशांशी त्याचा संबंध नाही.

तपासण्यांचा दुसरा भाग माझ्यासाठी जास्त आनंदाचा होता, कारण त्याने ताटात भर पडली. लहानपणीची अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वयाबरोबर जाते, पण एकदा बंद केलेले अंडे घरात कोणी पुन्हा तपासून पाहत नाही. या मुलाच्या अंड्याच्या चाचण्या नगण्य निघाल्या. रुग्णालयात आधी भाजलेल्या, दूध न घातलेल्या केकमधून, आणि नंतर उकडलेल्या स्वरूपात, टप्प्याटप्प्याने मात्रा वाढवत अंडे दिले गेले आणि ते सोसले. ही गोष्ट घरी परस्पर करून पाहायची नसते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. काजूच्या बाबतीत उलट झाले : काजू आणि पिस्ता या दोन्हींची ॲलर्जी पक्की ठरली, आणि ही जोडी सहसा बरोबरच येते. शेंगदाणा तो आयुष्यभर खात आला होता आणि तो चालूच ठेवायचा ठरले; शेंगदाणा शेंगवर्गीय आहे, काजूचा नातेवाईक नाही. कूट, चटणी, कोशिंबीर यांतून रोज पोटात जाणारा तो घटक उगाच बंद करणे म्हणजे आपल्या स्वयंपाकाचा कणाच काढणे. अट एवढीच की कच्चे दाणे आणून घरी निवडून भाजायचे, कारण खारे दाणे आणि काजू एकाच भट्टीत भाजले जातात. बदामाची चाचणी नकारात्मक आली, तरी मी तो सध्या टाळायला सांगितले. बाजारातील सोललेल्या सुक्या मेव्यात काजूचे तुकडे सहज मिसळलेले असतात आणि बदामाशिवाय गणित जमत होते.

गणित असे जमवले. सकाळच्या सरावानंतर तीन उकडलेली अंडी आणि दोन नाचणीच्या किंवा ज्वारीच्या भाकरी, यांतून सुमारे २६ ग्रॅम. दुपारी दोन भाकरी, ४० ग्रॅम कच्च्या डाळीचे घट्ट वरण आणि तेवढ्याच कच्च्या मटकीची किंवा मुगाची उसळ, पुन्हा सुमारे २६ ग्रॅम. संध्याकाळच्या सरावाच्या दोन-अडीच तास आधी मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे, सुमारे ११ ग्रॅम. सरावानंतर ३० ग्रॅम सुक्या सोया वड्यांची भाजी, सुमारे १५ ग्रॅम. सोया त्याला सोसते हे आधी तपासून घेतले होते. रात्री दीडशे ग्रॅम कच्च्या वजनाचे चिकन किंवा मासे आणि भात, सुमारे ३८ ग्रॅम. बेरीज ११६ ग्रॅम होते, आणि त्यात पावडर कुठेही नाही. डाळींत जी अमिनो आम्ले कमी पडतात ती धान्यांत आणि धान्यांत कमी पडतात ती डाळींत असल्याने भाकरी-उसळीची जोडी येथे पोटभरीपुरती नसून प्रथिनांच्या गुणवत्तेसाठी आहे. आमटी पातळ न करता वरण घट्ट करणे हा बदल आईने एका दिवसात केला आणि तेवढ्याने बराच फरक पडला. दूध नसल्याने कॅल्शियमचा प्रश्न उरतो. तो नाचणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी सोडवला.

तालमीच्या स्वयंपाकघरात मात्र वेगळीच अडचण निघाली. तेथे थंडाईसाठी बदाम, काजू आणि दूध ज्या मिक्सरच्या भांड्यात वाटले जाते, त्यातच चटणी वाटली जात होती. भांडे धुतलेले दिसत होते. पण झाकणाची रबरी कडी काढून पाहिली, तर तिच्या खाचेत थंडाईचा पांढरा लगदा घट्ट बसलेला होता. कितीही घासले तरी तो पुरता निघत नाही. म्हणून त्याच्यासाठी वेगळे भांडे आले, त्याच्या कढईत तूप पडणार नाही असे ठरले, आणि पाणी-पावडर हलवायची बाटली कोणाशी वाटून घ्यायची नाही हेही ठरले. वस्तादांनी त्याचे भांडे स्वतः लाल रंगाने रंगवून वेगळ्या फळीवर ठेवले. त्यांची ही काळजी माझ्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडली.

शेवटचा मुद्दा औषधाचा. आपल्याकडे ॲड्रेनलिनचे ऑटो-इंजेक्टर सहज मिळत नाही, म्हणून तज्ज्ञांनी त्याला आणि वस्तादांना कुपी, सिरिंज आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत इंजेक्शन कसे द्यायचे याचे लेखी व प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले. ॲड्रेनलिन हे स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित उत्तेजकांच्या यादीत आहे, आणि ही माहिती अर्धवट कळल्याने खेळाडू ते घ्यायला कचरतात. तातडीच्या उपचारासाठी ते घेतले असेल, तर राष्ट्रीय उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेकडे, म्हणजे नाडाकडे, उपचारानंतरही सवलतीचा अर्ज करता येतो. त्यासाठी रुग्णालयाची कागदपत्रे, दिलेली मात्रा आणि वेळ जपून ठेवावी लागते. जीव वाचवणारे इंजेक्शन अर्जासाठी एक मिनिटही थांबवायचे नाही, हे त्याच्या किटवरच्या चिठ्ठीत पहिल्या ओळीत लिहिले आहे. गुडघेदुखीसाठी कुठली गोळी केव्हा घ्यायची, हेही आता डॉक्टरांना विचारूनच ठरते. स्पर्धेच्या सकाळी आयब्युप्रोफेन बंद आहे.

चार महिन्यांनंतरच्या भेटीत त्याचे वजन तेवढेच होते, पण त्वचेखालील चरबी कमी होऊन स्नायूंचे माप वाढले होते. बाहेरगावच्या स्पर्धांसाठी तो उकडलेली अंडी, फुटाणे, दाणे आणि कोरड्या भाकरी घरून नेतो. प्रवासात सोयीची म्हणून पावडर त्याला अजूनही हवी आहे. त्यासाठी एका उत्पादकाला आम्ही लेखी विचारले आहे, की ज्या कारखान्यात ती बनते तेथे व्हे किंवा काजू हाताळले जातात का, हाताळले जात असल्यास तीच यंत्रे वापरतात का, आणि प्रत्येक खेपेची दुधासाठी चाचणी किती मिलिग्रॅमपर्यंतच्या अचूकतेने होते. लेखी उत्तर येईपर्यंत आणि आलेच, तर त्या खेपेचा बिनस्वादाचा नमुना ॲलर्जीतज्ज्ञांनी तपासेपर्यंत, पावडर बंद आहे. केसीनची रक्ततपासणी एका वर्षाने पुन्हा होणार आहे.